होटगी रस्त्यावरच्या सदनिकेची दोन नावे

बुधवार, १८ जून २०२५. त्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या नोंदींत या सदनिकेचा शेवटच्या नोंदणीकृत खरेदीदार दिवंगत ईरम्मा होत्या, २००६ सालच्या. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवर मात्र शेवटचे नाव त्यांच्या मुलाचे, सिद्धाप्पाचे होते.

ही तफावत दानेश्वरीबाईंना खटकली. त्या कुंभारीच्या, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. मेथी घेतानाही पेंढी सोडून मधली काडी पाहणाऱ्या. आयुष्यभराची शिल्लक त्या या घरात घालणार होत्या आणि सिद्धाप्पाला शुक्रवारी इसार हवा होता.

"बिल्डरकडून गोपाळरावांनी घेतली, त्यांच्याकडून ईरम्मांनी. इथवर साखळी सलग आहे," त्यांच्या वकील वैदेही सदनिकेत कागद पाहत म्हणाल्या. "मुलाचे नाव फक्त नॉमिनी म्हणून चढले आहे. नॉमिनी मालक होत नाही. हक्क सगळ्या वारसांचा."

"वारस मी एकटाच की," सिद्धाप्पा म्हणाला. "वडील आधीच गेले. कर्जाचा बोजा न्हाय, सोसायटीनं लिहून दिलंय."

"मूळ खरेदीखत?"

"सापडंना. झेरॉक्स हाय न्हवं?"

बाई उठून शेजारच्या बजाबाईंकडे पाणी मागायला गेल्या.

"ईरम्मांकडं माणसांची ये-जा असायची का हो?"

"लई न्हाय. पंचमीला लेक यायची की, अक्कलकोटहून. रुक्मिणी. हातभर मेंदी काढायची माझ्या नातीला."

पाणी तसेच ठेवून बाई परतल्या. "सिद्धाप्पा, पंचमीला कोण यायचं?"

तो हसला. "बाई, तुमी तर पोलीसच. अक्का काय मागत न्हाय हो. लग्नात दिलंय तिला सगळं."

"मग निबंधकासमोर हक्कसोडपत्रावर सही करू दे."

"शुक्रवारी दुसरं गिऱ्हाईक हाय."

"असू दे. त्यांनाही अक्कांचं सांगा."

त्याने नाइलाजाने फोन लावला. वैदेहींनी स्पीकर सुरू करायला सांगितला.

"अक्का, एक सही पायजे. फ्लॅट विकतोय."

"आईचा?" पलीकडून रुक्मिणी म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं न्हाय ते. सहीचं बघू. आईच्या कपाटातलं खरेदीखत तू नेलास ते कुटं ठेवलास, ते आदी सांग."

सिद्धाप्पाने फोन बंद केला. बाईंनी पर्सची चेन ओढून बंद केली. इसार दिला नाही.

वैदेहींनी निबंधक कार्यालयातल्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला. त्यात गहाणाची नोंद नाही. परंतु कुणा सावकाराकडे कर्जापोटी नुसता ठेवलेला मूळ दस्त अशा शोधात किंवा सोसायटीच्या दप्तरात दिसेलच, असे नाही. बाई अजून भाड्याच्या खोलीत आहेत. खरेदीखत कोणाकडे आहे हे माहीत नाही. रुक्मिणी सही करतील की नाही, हेही माहीत नाही. शुक्रवारच्या गिऱ्हाइकाने इसार दिला का, याचा पत्ता लागलेला नाही.