ओठांवर न दिसणारे अक्षर

हसन तांबे साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, लागला तेव्हा त्याला शिकवली गेलेली पहिली गोष्ट धोट्यात सूत कसे भरावे ही नव्हती. समोरच्याच्या तोंडाकडे पाहावे कसे, ही होती. शेकडो साचे एकाच वेळी चालत असताना परळच्या त्या गिरणीत कानाजवळ ओरडूनही काही उपयोग होत नसे. म्हणून साचेवाले ओरडतच नसत. ते नुसते ओठ हलवत, थोडे सावकाश, थोडे ठसठशीत. दोन रांगा पलीकडचा माणूस त्यावरून जॉबरची, म्हणजे मुकादमाची, निंदा समजून घेई आणि तशीच परत करी. हसनच्या शेजारच्या साच्यांवर दत्तू राणे होता. मालवणकडचा हा दत्तू असा काही ओठांनी बोलत असे की, त्याच्या चावट गोष्टींना हसू आवरेनासे होऊन हसनचे धागे तुटत.

मूळ गाव कोकणातले खेड. तिथल्या मदरशात हसन लहानपणी अरबीचे 'सर्फ', म्हणजे धातूंची रूपे चालवण्याचे शास्त्र, शेवटपर्यंत शिकला होता. त्याच्या उस्तादांनी त्याला पुढच्या शिक्षणाला भिवंडीला पाठवायचे ठरवलेही होते. वडील गेले आणि तो भिवंडीऐवजी परळला आला. गिरणीत उभ्याउभ्या तो मनातल्या मनात रूपे म्हणत राही. वीस-बावीस वर्षांत त्यांतले एकही रूप त्याच्या डोक्यातून हलले नाही, हे खरे. कानांतून काय हलले ते मात्र कळायला गिरणी बंद पडावी लागली.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले काही महिने दत्तू आणि तो फाटकावर जात, नंतर नाक्यावर, नंतर कुठेच नाही. दुसऱ्या वर्षी लालबागकडच्या एका मशिदीच्या मदरशातला शिक्षक आखातात निघून गेला आणि तिथले व्यवस्थापक अब्बास काझी हसनच्या खोलीवर आले. काझी त्याच्याच तालुक्यातले. हसनचे सर्फ पक्के आहे हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांनी सरळ विचारले आणि हसनने सरळ हो म्हटले. त्या रात्री जेवताना बायकोला, हाजराला, तो म्हणाला की भिवंडीला जायचे राहिले होते, ते आता दारापर्यंत आले. त्याची मुलगी रुकय्याही त्याच वर्गात बसू लागली.

वर्गात पहिल्याच दिवशी त्याला एक विचित्र गोष्ट जाणवली. मुले समोर बसून म्हणत तेव्हा सगळे स्पष्ट; पाठीमागून कोणी काही विचारले तर मात्र नुसता गुरगुराट. घरी असे कधी वाटले नव्हते. कारण घरी हाजरा त्याच्याशी नेहमी समोर येऊन बोलत असे, रुकय्याही. त्या दोघींना ही सवय कधी लागली हे त्यांनाही सांगता आले नसते. आणि गिरणीत तर सगळेच तसे.

तरीही वर्ग चालला, कारण हसनने साचेखात्यातली रीत वर्गात आणली. मुलांनी तोंड वर करून, ओठ नीट हलवून म्हणायचे. मदरशातल्या मोठ्यांच्या मिशा शिस्तीने कातरलेल्या, मुलांना तर मिशाच नाहीत. असे उघडे ओठ त्याला गिरणीतही मिळाले नव्हते. एकदा त्याला भेटायला आलेला दत्तू दारातून हा प्रकार पाहत उभा राहिला आणि आवाज न करता ओठांनीच म्हणाला, "काय रे हसन्या, पोरांका साचो चलवूक शिकयतस?" हसनने तसेच उत्तर दिले की साच्यावर निदान तुटलेला धागा दिसतो. मुले एकमेकांकडे पाहत राहिली.

मग 'मुदाअफ' धातू आले. अरबी धातूची मुळाक्षरे बहुधा तीन असतात. मुदाअफमध्ये दुसरे आणि तिसरे अक्षर एकच असते. ही दोन जुळी अक्षरे कधी एकमेकांत मिसळतात, कधी सुटी राहतात. नियम स्वच्छ आहे. शेवटच्या अक्षरावर स्वर असेल तर दोघे मिसळून एक जोडाक्षर होते. पुढे व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय आला आणि शेवटच्या अक्षराचा स्वर गेला की मिसळणे शक्य राहत नाही, दोघांना वेगळे व्हावे लागते. हसनने उदाहरणाला 'रम्म' घेतला. अर्थ, त्याने दुरुस्त केले. तो, ते, ती यांच्या रूपांत 'रम्म', 'रम्मू', 'रम्मत' अशी अक्षरे मिसळलेली. 'त्या सगळ्या'पासून पुढे 'रमम्न', आणि 'मी'ला 'रमम्तु', 'आम्ही'ला 'रमम्ना', अशी सुटी. वर्तमानकाळात उलट, जवळजवळ सगळीकडे मिसळलेली, 'यरुम्मु'. फक्त स्त्रियांच्या बहुवचनात सुटी, 'यर्मुम्न'. मुलांनी हे फार लवकर उचलले, आणि हसनला त्यातली एकूण एक चूक पकडता येत होती. 'रम्म' म्हणताना ओठ एकदाच मिटतात. 'रमम्तु' म्हणताना मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. कोणी घाईने 'रम्मतु' म्हटले की तो लगेच बोट वर करी.

तो जाणूनबुजून ओठांवरच्या अक्षरांचे धातू आधी घेई. पण अभ्यासक्रम ओठांपाशी थांबत नव्हता. 'फर्र' आला, अर्थ, तो पळाला. त्याचा 'फ' ओठांवर दिसे. पुढचे दोन्ही 'र' जिभेच्या टोकावर, दातांच्या आत. हसनने स्वतः म्हणून दाखवले, बिनचूक, कारण त्याच्या जिभेला लहानपणची वाट पाठ होती. मुलांनी सामूहिकपणे म्हटले. त्याला वीस तोंडे एकदम उघडताना दिसली आणि त्याने मान हलवली. 'र'पाशी 'र' सुटा ठेवणे लहान जिभेला जड जाते. 'फरर्तु'चे 'फर्रतु' कधी झाले हे कोणालाच कळले नाही. रोज सकाळी ते मोठ्याने म्हटले जात होते, आणि रोज त्यावर उस्तादांची मान हलत होती. चूक अशा रीतीने पाठ झाली.

हसनला संशय आला नाही असे नाही. एका संध्याकाळी त्याने रुकय्याला समोर बसवून पुन:पुन्हा 'फर्र' म्हणायला लावला आणि तिच्या तोंडात डोकावू लागला. ती हसली. म्हणाली, "बाबा, दात मोजताय काय?" मग त्याचा चेहरा पाहून हसायची थांबली. हाजराने त्याला पालिकेच्या इस्पितळात नेले. तिथले यंत्र कानाला लावताच सगळे आवाज एकदम वाढले, रस्त्याचे, भांड्यांचे, माणसांचे. जणू साचेखाते पुन्हा चालू झाले. अक्षरे मात्र तशीच पुसट राहिली. डॉक्टर म्हणाला की कानाची जी बाजू बारीक फरक ओळखते तीच गेली आहे, आणि अशी माणसे परळ-लालबागला त्याच्याकडे रोज येतात. काझींना हे सांगावे असे हाजराचे म्हणणे होते. हसन म्हणाला की परीक्षा होऊ दे, मग सांगतो. रूपे सगळी मला येतात, तो म्हणाला. हेही खरे होते.

परीक्षा शाबान महिन्यात, रमजानच्या आधी. त्या मदरशात एक जुनी रीत होती. बाहेरून आलेले परीक्षक मुलांसमोर बसत आणि वर्गाचे शिक्षक मुलांच्या पाठीमागे, डोळ्यांनी खूण करून मदत करता येऊ नये म्हणून. हसन जाऊन बसला तेव्हा त्याच्यासमोर वीस पांढऱ्या टोप्या आणि ओढण्या होत्या, एकही तोंड नव्हते. पलीकडे परीक्षक, एक वृद्ध, सौम्य मौलाना; त्यांचे ओठ मात्र स्वच्छ दिसत होते.

परीक्षकांनी जुनेद नावाच्या मुलाला उठवले. त्यांच्या खालच्या ओठाला वरचे दात टेकले, आणि 'फर्र' विचारला हे हसनला कळले. जुनेदची पाठ ताठ झाली आणि टोपी लयीत हलू लागली. थोड्या वेळाने परीक्षकांनी हात वर केला. त्यांनी शेजारच्या मुलीला तेच विचारले, मग आणखी एकाला. मग त्यांनी मुलांच्या डोक्यांवरून हसनकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "उस्ताद, हे म्हणतात ते ठीक आहे?"

हसनला प्रश्न कळला. मुले काय म्हणाली ते कळले नव्हते. ही मुले 'रमम्न' कधी चुकली नव्हती. नियम एकच होता. तो म्हणाला, "जी, ठीक आहे."

"कशावरून?"

मग हसनने नियम सांगितला. कोणत्या रूपापासून शेवटचे अक्षर निःस्वर होते, मिसळणे तिथे का अशक्य, आज्ञार्थात आणि नकारी रूपात दोन्ही पर्याय का चालतात, सगळे क्रमाने, कुठेही न अडखळता. परीक्षक ऐकत होते. काझी दाराशी उभे होते, त्यांची मान खाली गेली. या माणसाने नुकतेच जे अशक्य म्हणून सिद्ध केले, तेच त्याच्या तिन्ही विद्यार्थ्यांनी त्याच्यासमोर केले होते आणि त्याने ते मान्य केले होते.

परीक्षकांनी खिशातून रुमाल काढला. तो तोंडापुढे धरून ते काहीतरी बोलले. हसन रुमालाकडे पाहत राहिला आणि मग, काहीतरी करायला हवे म्हणून, म्हणाला, "जी."

रुमालाआडून त्यांनी विचारले होते की, तुमच्या गावचे नाव काय.

पहिल्या ओळीत बसलेली रुकय्या मागे वळली आणि आवाज न करता, ओठांनीच, बापाला म्हणाली, "गाव विचारतायत." तो "खेड" म्हणाला. परीक्षकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि पुढची मुले तपासली. हसनला त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

काझी घरी आले ते समोर बसून, सावकाश बोलले. हसनने सुचवले की मुलांकडून पाटीवर लिहून घेतो, लिहिलेले तर मला दिसते. काझींनी यावर बराच विचार केला असावा. ते म्हणाले की हीच मुले उद्या कुराण म्हणणार. अक्षर पाटीवर बरोबर आणि जिभेवर चूक असेल, तर ते पाप तुझे की माझे? त्यानंतर हसन वर्गावर गेला नाही. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केले असते, असे तो नंतर दत्तूला म्हणाला. दत्तू तेव्हा प्रभादेवीला एका इमारतीवर पहारेकरी होता. त्याचीही तक्रार होती की रहिवासी मागून हाका मारतात आणि मग त्याला उद्धट म्हणतात. दोघे त्या फाटकाशी उभे राहून ओठांनी बोलत. येणारी-जाणारी माणसे पाहत, की हे दोघे नुसती तोंडे कसली हलवतात.

नवा शिक्षक तरुण होता. त्याने मुलांची 'र'ची चूक काढायला अख्खा पावसाळा घेतला. रुकय्या संध्याकाळी धडा म्हणायला बसली की हसन समोर येऊन बसे. 'रम्म' आला की तो ओठांकडे पाहून मान हलवी. 'फर्र' आला की ती थांबे.

एकदा तो म्हणाला, "म्हण." तिने म्हटला. त्याने आपला पंजा तिच्या गळ्याला हलकेच लावला, चालू साच्याला लावावा तसा, आणि तिला पुन्हा म्हणायला सांगितले. हाताखाली थरथर आली. अखंड, सारखी, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली एवढेच कळणारी. मधे अक्षरे मिसळली की सुटली, ते त्या थरथरीत नव्हते.

"आता बरोबर आहे ना, बाबा?" तिने ओठ नीट हलवून विचारले.

त्याने हात काढून घेतला. "नव्या उस्तादांना विचार," तो म्हणाला.