दर आठवं घर

मल्लिनाथ आरोग्यसेवक म्हणून एकोणतीस वर्षं चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत फिरला. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचं, ही त्याची ख्याती. त्या मार्चमध्ये धरणामुळं उठवून नव्यानं वसवलेल्या एका गावात काविळीचे दोन रुग्ण निघाले, आणि दवाखान्याच्या डॉक्टर वैष्णवी मॅडमनी त्यालाच पाठवलं.

"गावात एकशे साठ घरं हायेत. नळाचं पाणी वीस घरी तपासा. ओळखीपाळखीची घरं नकोत, यादीवरून निवडा."

पद्धत त्याला पाठ होती. एकशे साठाला विसानं भागलं की आठ. एक ते आठच्या चिठ्ठ्या करायच्या, एक उचलायची, आणि तिथून दर आठवं घर. त्यानं चिठ्ठी उचलली. एक आला. मग एक, नऊ, सतरा, पंचवीस, असं थेट एकशे त्रेपन्नपर्यंत.

पाणी दिवसाआड, सकाळी दोन तास यायचं. तेवढ्यात त्यानं वीसही घरं गाठली. नळाचं पाणी नळीत घेऊन औषधाचा थेंब टाकला की, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. वीसच्या वीस नळ्या पिवळ्याधम्मक. त्यानं मोबाइलवर अहवाल पाठवला आणि मॅडमनी तो वर तालुक्याला कळवला.

तो गाडीला किक मारणार तोच गावातल्या बायनाबाई आडव्या आल्या.

"आमच्याकडं कावून आला न्हाईत? माज्या सुनेचे डोळे पिवळे दिसायलेत. सातवा महिना हाय तिला."

गरोदरपणातली कावीळ म्हणजे जिवाशी गाठ, हे त्याला ठाऊक होतं. बायनाबाईंचं घर आळीच्या अगदी टोकाला होतं. दारात गटाराला लागून गुडघाभर खड्डा, आणि खड्ड्यात नळ.

"वर पाणी चढत न्हाई, म्हणून खाली घेतलाय. आमच्या टोकाला समद्यांचंच असं हाय."

सून संस्कृती दारात टेकून उभी होती. मल्लिनाथनं तिचे डोळे पाहिले आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. ती बीडकडं निघाली, तेव्हा कुठं तो ओट्यावर बसला आणि यादी उघडली.

बायनाबाईंचा नंबर होता चोवीस. आठचा पाढा. त्यानं मान वर करून आळी पाहिली. आठ घरं. पुढची आळी, आठच. गावात वीस आळ्या, आणि ग्रामपंचायतीनं आळीमागून आळी, रस्त्याकडून टोकाकडं नंबर घातलेले. म्हणजे त्यानं तपासलेली वीसही घरं रस्त्याकडच्या मुख्य पाइपालगतची, पाणी सगळ्यांत आधी येणारी. टोकाचं एकही नाही. आठची चिठ्ठी निघाली असती तर उलट सगळी टोकाचीच आली असती.

चिठ्ठी खोटी नव्हती. यादीतच आठाचा फेरा दडला होता, आणि त्याची उडीही आठाचीच पडली होती.

त्यानं लगेच फोन लावला. "मॅडम, माजा अहवाल मागं घ्या."

"वर गेलाय तो, मल्लिनाथ."

"मग वरून मागं घ्या. चूक माजी हाय. पण लोक ते पाणी पितायत."

"कळवते तालुक्याला. पुन्हा कसं निवडणार?"

"सातानं. आठाच्या आळीत सातानं चाललं की दर खेपेला जागा बदलते."

पण पाणी आता परवाच येणार होतं. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, त्यामुळं माठातलं पाणी तपासून काही सिद्ध होणार नव्हतं. तोवर त्यानं टोकाच्या घरांना क्लोरीनच्या बाटल्या वाटल्या आणि पाणी उकळून प्या म्हणून घरोघर बजावलं. दीड दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. बीडहून संस्कृतीची खबर यायची ती एवढीच, की अजून काही सांगता येत नाही.

परवा सकाळी एक ते सातमधून चिठ्ठी काढली. चार. चार, अकरा, अठरा, पंचवीस, बत्तीस. आळीतली चौथी जागा, मग तिसरी, दुसरी, पहिली, मग एकदम आठवी. अशी तेवीस घरं झाली. पहिल्या पाच जागांवरच्या नळ्या पिवळ्या. सहाव्या जागेवरच्या फिकट. सातव्या-आठव्या जागेवरची सहा घरं आली, आणि सहाही नळ्या पाण्यासारख्या कोऱ्या.

नळ बंद झाला की खड्ड्यातलं गटाराचं पाणी पाइपात ओढलं जात होतं, आणि त्या घाणीतच क्लोरीन संपत होतं. ग्रामपंचायतीनं खड्डे बुजवले, टोकाकडं वेगळी पाइपलाइन टाकली. तोवर टोकांच्या घरांत आणखी पाच जणांना कावीळ निघाली होती.

संस्कृती सतरा दिवसांनी घरी आली. बाळंतपण वेळेआधी झालं. मुलगी अशक्त, पण जगली.

मल्लिनाथला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात त्यानं सबब सांगितली नाही. घडलं ते तारखेवार लिहून दिलं. निवृत्तीपर्यंत पुढं जिथं जिथं यादी हातात आली, तिथं आधी तो गावात पायी एक फेरी मारायचा, घरं कशी बसलीत ते बघायचा, आणि मगच चिठ्ठ्या करायला बसायचा.