मऊ केलेला गणवेश

वसमतच्या एका खाजगी दवाखान्यात मी कपडे धुते. नवे गणवेश आले तवा बाळंतपणाच्या खोलीतली सिस्टर हसतच माझ्याकडं आली. तिनं मांडीवर चहा सांडला अन् कापड झटकलं. थेंब घरंगळून खाली, डागाचं नाव न्हाई!

"बघा मावशी, जादू!"

"अगं बाई, मग माझी नोकरी गेली म्हण की!" मी म्हणलं.

पण ते टेरिकॉटचं जाड कापड. दिवसभर चालून तिच्या मांड्या घासल्या, कातडी सोलून निघाली. "मावशी, जरा मऊ करा ना," म्हणली. लेकीच्या वयाची पोरगी. मी घरून कपडे मऊ करायचं लिक्विड आणलं अन् शेवटच्या पाण्यात टाकाय लागले. डॉक्टरला इचारलं न्हाई. त्यात काय इचारायचं?

रोजच्या गरम पाण्यानं हिरवा रंग उडत गेला, गुडघ्यावर तर पार पांढुरका झाला. सगळे रंगालाच नावं ठेवत राहिले.

एक दिवस आखाडा बाळापूरकडची बाई जीपमधून आली, ती अडलेलीच. सिस्टरनं प्लॅस्टिकचा ॲप्रन बांधला न्हाई. या कपड्यावर काय टिकतंय, असंच तिला वाटायचं. बाळ निघालं, रक्ताचा लोट आला. कपडे बदलताना सिस्टर ओरडली म्हणून मी पळाले. रक्त आरपार गेलं होतं, थेट मांडीवर; तिथली सोललेली कातडी अजून पुरती भरली नव्हती. अन् दुपारी रिपोर्ट आला: बाळंतिणीला रक्तातून पसरणारी कावीळ.

सिस्टरची लस अर्धीच झालेली. लगेच इंजेक्शनं दिली, पण खरं काय ते काही महिन्यांनी तपासूनच कळणार होतं.

डॉक्टर म्हणले, "कापड जुनं झालं, धुऊन धुऊन त्याचा गुण गेला." मला हायसं वाटलं, खोटं काहून बोलू? तरी चैन पडंना. सिस्टरचा दुसरा जोड घेतला. पाण्याचा टिपूस टाकला तर कापडानं गटकन पिऊन घेतला. मग लिक्विड न टाकता तोच जोड दोनदा गरम पाण्यात धुतला, कडक इस्त्री फिरवली, परत टिपूस टाकला.

टिपूस वरच थांबला. गोल, टपोरा.

देवा रे! कापडाचा गुण गेलाच नव्हता. मी त्याच्यावर लिक्विडचा मऊपणा थापून बसले होते.

तशीच गेले अन् सिस्टरला सगळं सांगून टाकलं. ती म्हणली, "मऊ करा म्हणून मीच म्हणले होते ना, मावशी." मला हुंदका आवरंना.

महिने सरले, तिचा रिपोर्ट चांगला आला. तिनं पेढा आणून माझ्या तोंडात घातला.

आता ती ॲप्रन बांधल्याशिवाय आत जात न्हाई. मावशी म्हणते, हसते. पण मी धुतलेला कपडा हातात घेतला की आधी नळाखाली बोट धरती, माझ्यासमोर त्याच्यावर थेंब टाकती. थेंब घरंगळेस्तोवर आमी दोघी बोलत न्हाई.