एकवीसखालचा ठिपका

नेवाशातल्या एका साप्ताहिकाच्या कार्यालयात मी आठ वर्षं झाडलोट करते, चहा करते आणि बातमी ऐकते. हे तिसरं काम कोणाला सांगितलं तर हसतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरीही संपादक सर इंग्रजी बातमीची मराठी करून झाली की मला हाक मारायचे, "बाई, चहा राहू द्या. ऐका."

आमचा पेपर शनिवारी निघतो. बाहेरच्या राज्यात काही घडलं की तिथे आमचा माणूस नसतो. सर इंग्रजी पेपरातली बातमी नेटवरून काढून छापून घेतात आणि तिच्यातलं महत्त्वाचं मराठीत थोडक्यात लिहितात. खाली कुठून घेतली तेही टाकतात. इंग्रजी कागद माझ्या हातात असायचा आणि लाल पेन्सिल. वाक्याच्या मधे मोठ्या अक्षरानं सुरू होणारा शब्द म्हणजे बहुतेक कोणाचं तरी नाव, एवढं सरांनी शिकवलं होतं. अशा प्रत्येक शब्दाखाली आणि प्रत्येक आकड्याखाली मी आधीच रेघ मारून ठेवायची. मग सर मराठी वाचायचे, आणि नाव किंवा आकडा आला की मी त्याच्यावर टिक करायची. इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात, एसटीच्या पाट्यांवरून आणि वर्गणीदारांच्या पत्त्यांवरून. बाकीचे शब्द मला दगडासारखे.

वाचून झाल्यावर टिक नसलेल्या जागी मी बोट ठेवायची. सर म्हणायचे, "सोडलं." मुद्दाम सोडलं असेल तर चालायचं. "सोडलं तर चालतं बाई, बदललं तर नाही," हे त्यांचं नेहमीचं. कधी मी विचारायची, "हे कोण म्हणालं?" एकदा सरांनी लिहिलं होतं की अमक्यानं चोरी केली. मी विचारल्यावर त्यांनी कागद परत घेतला, पाहिला आणि म्हणाले, "पोलिसांना संशय आहे, एवढंच लिहिलंय. वाचवलंत." त्या दिवशी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला. माझ्या आयुष्यात माझ्या बोलण्यावरून कोणी काही बदललं असेल तर ते तिथेच, त्यांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. घरी माझ्या मताला विचारणारं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि त्यांनी एक मुलगी ठेवली. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, सोनईहून स्कूटीवर येणारी. स्कार्फ सोडताना केस झटकायची. आली त्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, तुमचा चहा भारी असतो म्हणे." मला तेव्हाच वाईट वाटलं. चहा एवढंच तिला सांगितलं होतं.

सरांना ज्या बातमीला तास लागायचा ती तिची वीस मिनिटांत व्हायची. मोबाईलमधून आधी कच्चं मराठी काढायची आणि मग इंग्रजी समोर ठेवून ते घासूनपुसून नीट करायची. तिची वाक्यं गोड. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. मी टिक करायची, पण आता टिक नसलेल्या जागी बोट ठेवलं की मी विचारायच्या आधीच ती म्हणायची, "ते सोडलंय मावशी, गरज नाही." एकदा मी विचारलं, "कोण म्हणालं?" ती हसून म्हणाली, "अहो मावशी, खालच्या ओळीत आहे की. धीर धरा." सरही हसले. तेवढ्या हसण्यानं मी तीन आठवडे काही विचारलं नाही. सरांनी हे पाहिलंसुद्धा नाही, याचा राग तिच्यापेक्षा त्यांचा जास्त आला. मग तो राग फिरून तिच्यावरच आला. तिचा चहाचा कप मी शेवटी धुवायला लागले. इतकी मी खाली उतरले होते.

त्या शुक्रवारी कुस्तीची बातमी होती. आमच्या तालुक्यातल्या दोन सख्ख्या बहिणी परराज्यात मोठ्या स्पर्धेला गेल्या होत्या. धाकटी आमच्याकडे सगळ्यांना माहीत. आधी दोनदा तिचा फोटो आम्हीच छापला होता. थोरली तिच्याबरोबर खेळायची, पण तिचं नाव दुसऱ्या ओळीत यायचं. मुलीनं वाचायला सुरुवात केली. धाकटीनं हरत आलेली कुस्ती फिरवून सुवर्णपदक मिळवलं, थोरलीला कांस्य. गावात जल्लोष वगैरे नाही, ते इंग्रजीत नव्हतं आणि तिनं घातलंही नाही. त्या बाबतीत ती चोख होती.

माझ्या कागदावर दोघींची नावं वर एकदाच होती, पुढे वयं. थोरली एकवीस, धाकटी एकोणीस. मी त्यावर टिक केली. खाली आणखी एकदा एकवीस होतं. त्याच्यापुढे आडव्या रेघेनं जोडलेले शब्द. इंग्रजी पेपरवाले दुसऱ्यांदा नाव न घेता वयानंच माणूस सांगतात, हे सरांनी मला मागेच दाखवलं होतं. मराठीत आपण तसं लिहीत नाही, म्हणून तिथे नाव घालावं लागतं. मुलीनं घातलं होतं, पण धाकटीचं. आणि त्याच ओळीत एक शब्द होता जो मला वाचता येतो. सराफाच्या दुकानावर मी तो रोज पाहते. गोल्ड.

एकवीस आणि गोल्ड एका ओळीत. माझी पेन्सिल एकवीसखाली टेकली आणि तिथेच राहिली.

"झालं का मावशी?" मुलीनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

सर म्हणाले, "छान झालीय. पहिल्या पानावर घ्या."

मला शंका होती असं मी म्हणू शकते. इंग्रजी येत नाही, माझंच चुकत असेल, असंही म्हणू शकते. त्या वेळी मी स्वतःला तेच सांगितलं. पण हा कागद दुसऱ्या कोणासाठी नाही, म्हणून खरं लिहिते. मला वाटलं, छापू दे. तिला कळू दे, सरांनाही कळू दे, की ते स्टूल कशासाठी होतं. मी कप गोळा केले. तिचा कप त्या दिवशी पहिल्यांदा धुतला.

शनिवारी पेपर निघाला, व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरला. त्या दिवसभर मला बरं वाटत होतं, हेही लिहिते.

सोमवारी सकाळी मी फरशी पुसत होते तेव्हा दारात एक मुलगी उभी राहिली. रुंद खांद्यांची, ट्रॅकसूट घातलेली. फोटोवरून मी ओळखली, धाकटी. बाहेर मोटारसायकलजवळ आणखी एक उभी होती, पाठमोरी.

"संपादक कोन हाय?"

सर उठले. "या, या. अभिनंदन!"

"मला नका करू," ती म्हणाली आणि पेपर टेबलावर ठेवला. "म्या कुटं जिकले? ताई जिकली. मला तिसरा नंबर हाय. आमी दोन दिवस रेल्वेत. गावात उतरलो तर येशीवर माझा ह्येवढा बोर्ड. वडील सांगून थकले, पोरी सांगत्यात न्हवं, थोरली जिकली. पोरं म्हनली पेपरात आलंय, पेपर खोटं बोलंल व्हय?"

"ताईंना आत बोलवा," सर म्हणाले.

"न्हाई येत. ती म्हनती ऱ्हाऊ दे, बोर्ड काय रोज लागतो." धाकटीनं बाहेर पाहिलं. "पयल्यांदा जिकली ओ ती. लहानपनापासनं मीच जिकायची. आता कुटं तिची पाळी आली तर तुमी ती बी मला दिली. मला कशाला पायजे?"

माझ्या हातात पोछा होता. बादलीतलं पाणी बदलायला जावं असं वाटलं, पण गेले नाही. मिळालेलं परत द्यायला आलेली ती एकोणीस वर्षांची पोर, आणि मी तिच्या आईच्या वयाची.

सरांनी फाईल मागवली. इंग्रजी कागद नाकाजवळ नेऊन वाचला. स्कूटीवाली मुलगीही त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिचा चेहरा उतरला. "सर, चूक माझी आहे. नेहमी धाकटीच जिंकते म्हणून मी धरून चालले. वय ताडून बघितलं नाही."

सरांनी मान हलवली, पण त्यांचा अंगठा कागदावर एका जागी थांबला होता. सगळीकडे टिकच्या खुणा, आणि एका एकवीसवर टिक नाही, खाली नुसता लाल ठिपका, दाबून दाबून मोठा झालेला.

"बाई," ते म्हणाले, "हे काय?"

मुलगी म्हणाली, "मावशींना इंग्रजी कुठं येतं सर."

ती मला वाचवत होती की मला खाली दाखवत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तिच्या तोंडून ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, "मला दिसलं हुतं."

"मग?"

"बोलले न्हाई."

"का?"

मी मुलीकडे पाहिलं. तेवढ्यानं सरांना कळलं असावं. मुलीलाही कळलं, कारण तिनं स्कार्फची गाठ विनाकारण सोडली. धाकटीला काही कळलं नाही, ती आळीपाळीनं आमच्याकडे पाहत होती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. म्हणाले, "ऐकणाराच गप्प बसला, तर मी वाचून दाखवू कोणाला?"

मग ते स्वतः बाहेर मोटारसायकलपाशी गेले आणि थोरलीची माफी मागितली. व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्ती लगेच गेली. पेपरातली पुढच्या शनिवारी, पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, थोरलीच्या फोटोसकट. ती मुलीनं लिहिली. मला ऐकायला बोलावलं नाही. स्टुलावर जुन्या अंकांचा गठ्ठा ठेवला होता. आतून तिचा आवाज यायचा, सर "हं, हं" म्हणायचे, आणि टिक ती स्वतःच करायची. मी चहा नेला, ठेवला, आले. पंधरा दिवस असेच गेले. एवढा हेवा मी तिचा आधी कधीच केला नव्हता. आधी तिनं माझी जागा घेतली असं म्हणायला तरी येत होतं.

तिसऱ्या शुक्रवारी तिनं गठ्ठा खाली ठेवला. सरांना विचारलं का, ठाऊक नाही. धरणाच्या पाण्याची बातमी होती. तिनं इंग्रजी कागद माझ्या पुढ्यात सरकवला आणि पेन्सिल दिली. टोक करून आणली होती.

"मला माझं लिहिलेलं सगळं बरोबरच वाटतं मावशी," ती म्हणाली. "टिक करते तेव्हासुद्धा."

ती वाचायला लागली. आवाज अजून गोडच होता आणि सरांनी अजून डोळे मिटले. माझा हेवाही अजून तोच. पाणी लवकरच सोडणार, असं वाचून ती पुढे गेली.

"थांब," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "कोण म्हणालं?"

तिनं कागद ओढून घेतला. पाहिला. "सोडण्याची मागणी आहे," ती हळूच म्हणाली. "शेतकऱ्यांची. सोडणार असं कोणीच म्हटलेलं नाही."

सरांनी डोळे उघडले. "बघा बाई, किती पटकन सापडलं हिला," ते मुलीकडे पाहून म्हणाले.

मी पुढच्या आकड्याखाली पेन्सिल टेकवली आणि तिला म्हणाले, "हां, वाच."