मक्त्याची वांगी आणि अडचणीचं कलम

कायद्याचं शेवटचं कलम वकीलही वाचत नाहीत. मीसुद्धा नाही वाचलं, जोवर मावशी माझ्या दारात येऊन बसली नाही.

मावशी म्हणजे माझी पक्षकार. नात्याची कोणी नाही, पण आमच्याकडे पांढऱ्या केसांच्या बाईला वकीलही मावशीच म्हणतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात ती दुसऱ्याच्या रानात मक्त्यानं वांगी आणि मिरची करायची. वर्षाची रक्कम ठरवून द्यायची, बाकी नफा-तोटा तिचा. सातबारावर तिचं नाव कधीच नव्हतं. तरी ती बाजार समितीत निवडून आली होती, आणि आता तिची खुर्ची जाते की राहते, हा प्रश्न होता.

गोष्ट अशी. बाजार समित्यांचा नवा कायदा आला. त्यात शेतकरी कोण, हे सरळ लिहिलेलं: ज्याच्या नावावर जमीन तो. मतदारही तोच, उमेदवारही तोच. पुढे सरकारच्या लक्षात आलं की मक्त्यानं करणारे सगळे बाहेर राहिले. कायदा बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं, तिथे वेळ लागतो, शिवाय जमीनवाले नाराज होतात. मग सरकारनं ते शेवटचं कलम वापरलं. त्यात म्हटलेलं: कायदा अमलात आणताना अडचण आली, तर लागू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, कायद्याशी विसंगत नसेल असा आदेश काढून सरकारला ती दूर करता येईल. त्या आधारावर आदेश निघाला की मक्तेदारही शेतकरी समजावेत. मावशीनं अर्ज भरला आणि दणकून निवडून आली.

तोवर आमच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरायचा. आडत्या, म्हणजे दलाल, आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायचे आणि माल ज्याचा, तो बाजूला उभा राहून रुमालाकडे बघायचा. मावशीनं समितीत ठराव आणला: लिलाव उघड, भाव मोठ्यानं, आणि ढीग कोणाचा तेही मोठ्यानं सांगायचं. ठराव एका मताच्या फरकानं मंजूर झाला. ते मत तिचंच.

एवढं झाल्यावर निवडणुकीत पडलेला माणूस जागा झाला. त्याची शेती भरपूर, आणि सख्खा भाऊ आडत्या. निवडणुकीची तक्रार जिल्ह्यातच करता आली असती, पण त्याला आदेशच कायद्याबाहेरचा ठरवून हवा होता, म्हणून तो थेट नागपूरला उच्च न्यायालयात गेला. मागणं तीन: आदेश रद्द, तिची निवड रद्द, ठराव रद्द.

मी कागद वाचले आणि मावशीला सांगितलं, "मावशी, आपली बाजू कच्ची आहे."

"काऊन? सरकारनंच देल्लं ना मले? म्या काय चोरून आणलं?"

"सरकारला द्यायचा अधिकारच होता का, हा प्रश्न आहे."

"मंग कोनाले असते अधिकार?"

मी तिला समजावलं. गवंड्याला छपराची गळती काढायला वर चढवलं, तर त्यानं गळती काढायची. वर खोली बांधायची नाही. खोली बांधायची की नाही हे घरमालक ठरवणार, आणि इथे घरमालक म्हणजे विधिमंडळ. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पन खोली तं बांधून झाली, म्या राहून बी राह्यली." आता याला काय म्हणावं! मी फाईल उघडली आणि कामाला लागले.

सुनावणीच्या आधी एका दुपारी ती पेढे घेऊन आली. चेहरा असा फुललेला की मला धसकाच बसला.

"तोंड गोड करा, वकीलबाई. साहेबायनं नवा कागद काढला. आता त्याचं काई चालत नाई!"

पुढाऱ्यांच्या मागे लागून गावकऱ्यांनी सरकारकडून दुसरा आदेश काढून घेतला होता. पहिल्याबद्दल शंका नको म्हणून मक्तेदार हे पहिल्यापासूनच शेतकरी होते असं मानावं, असं त्यात होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि तारीख बघितली. कायदा लागू होऊन दोन वर्षं नुकतीच उलटली होती. मुदत संपलेल्या कलमाखाली काढलेला आदेश! माझं डोकंच फिरलं. विचारायचं तरी, अरे बाबांनो! न विचारता मलमपट्टी करायला गेले आणि समोरच्याच्या हातात आयता मुद्दा दिला. मावशीसमोर मात्र मी पेढा गिळला.

नागपूरला सरकारी वकील आणि मी एकाच बाजूला. आम्ही म्हटलं, कायद्याचा हेतू शेतकऱ्याला प्रतिनिधित्व देणं हा आहे, कसणाराच बाहेर राहिला तर हेतू फसतो, ही अडचणच आहे. आदेश विधिमंडळासमोर ठेवला होता, कोणी हरकत घेतली नाही, हेही सांगितलं. न्यायमूर्तींनी विचारलं, जमीनवाल्यांच्या यादीवर निवडणूक घेता येत नव्हती का? येत होती, हे आम्हाला मान्य करावं लागलं. ते म्हणाले, मग अडचण कुठे आली? याद्या वेळेत तयार नसत्या, पहिली समिती बसवायला कोणी नसतं, तर ती कायदा चालवण्यातली अडचण. इथे कायदा चालतच होता, फक्त सरकारला तो पुरेसा वाटत नव्हता. आदेश सभागृहासमोर ठेवला म्हणून कायद्याची व्याख्या बदलत नाही. दुसरा आदेश तर मुदतीनंतरचा, त्याची त्यांनी फक्त तारीख वाचून दाखवली.

शेवटी मी एकच गोष्ट धरून बसले. ती खुर्चीवर होती तेव्हा सरकार, समिती, गाव, सगळे तिला सदस्य मानत होते. त्या काळात समितीनं केलेलं काम मोडलं तर लोकांनी कोणावर विसंबायचं?

निकालात दोन्ही आदेश गेले. मावशीची निवड गेली. ठराव राहिला: अधिकाराच्या समजुतीनं, उघडपणे पदावर असताना झालेलं काम निवड नंतर रद्द झाली म्हणून कोसळत नाही.

निकाल बरोबर होता. हे मी आजही म्हणते. आज मक्तेदाराच्या भल्यासाठी सरकार शेवटच्या कलमातून कायदा बदलेल, उद्या त्याच वाटेनं कोणाचं काय काढून घेईल, सांगता येत नाही. हे सगळं मला पटतं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मावशी फोनवर म्हणाली, "म्हंजे माहं मत चाललं, म्या नाई चालली."

दर अधिवेशनाला ती मला विचारते, "आलं का वं आमचं?" कायद्यात दुरुस्ती आलेली नाही. पोटनिवडणूक झाली, तो पडलेला माणूस आता तिच्या खुर्चीवर आहे. मतदार यादीत मावशी नाही.

परवा मी बाजारात गेले होते. त्याच्याच भावाच्या आडतीवर लिलाव चालला होता. मावशी आपल्या वांग्यांच्या ढिगाशी उभी होती, पदर खोचून. व्यापाऱ्यांनी बोली वाढवली, भाव ठरला, आणि ठरावाप्रमाणे आडत्यानं ढीग कोणाचा ते सांगितलं. खालच्या आवाजात, दुसरीकडे बघत.

मावशी जागची हलली नाही.

"पुन्यांदा म्हन बे," ती म्हणाली. "आयकू नाई आलं."