धाकटीचा फोन

माझी धाकटी जाऊ लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. मी कंधारला शाळेत शिकवते. लग्न झाल्यापासून सासूबाई, आम्हा दोघींच्या आत्याबाई, माझ्याकडेच. त्यांचं पथ्यपाणी, औषधं, नळाला पाणी आलं का नाही इथपर्यंत सगळं मीच बघायची. पण मनातलं सांगायचं झालं की त्या फोन लावायच्या लातूरला. ते मला फार लागायचं.

त्या साली त्यांचं डोकं दुखायला लागलं. कानशिलापाशी. वेणी घालताना कंगवा लागला तरी "हळू गं माय" म्हणून हात धरायच्या. वय पंचाहत्तर. मला वाटलं, उन्हाचं असेल. मग भाकरी चावताना जबडा दुखायला लागला. मी दातांच्या डॉक्टरकडे नेलं, एक दाढ काढून आणली. तरी तेच. चार घास चावले की थांबायच्या, जरा दम खाल्ला की पुन्हा चावायच्या. मी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागले आणि मनाशी म्हटलं, एवढं करणारी सून कुठं मिळेल.

एका सोमवारी मी शाळेला निघाले होते, तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, आत्याबाईंच्या उजव्या डोळ्यापुढं सकाळी पडदा आला होता म्हणे. दहा मिनिटांनी गेला. तुम्हाला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्याच घरात होते, चहा करून दिला होता, आणि मला ठाऊक नव्हतं.

"त्यांचं डोकं दुखतंय, चावताना जबडाही दुखतोय ना?" ती म्हणाली. "ताई, डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज येते म्हाताऱ्या माणसात. आमच्याकडं असे पेशंट येतात. डोळा एकदम जातो, मग परत येत न्हाई. आजच्या आज नांदेडला न्या. स्टेरॉइड आजच सुरू व्हायला पाहिजे. मी निघतेच लातूरहून."

"आता दिसतंय ना त्यांना?"

"दिसतंय म्हणूनच म्हणते, आज न्या."

मला त्या 'म्हणते'चा राग आला. दाढ काढायला घेऊन गेले मी, रात्री उठून पाणी दिलं मी, आणि ही फोनवरून हुकूम सोडणार. मी म्हटलं, "आज शाळेत तपासणी आहे. उद्या सकाळी नेते. तू काही धावत येऊ नकोस."

ती म्हणाली, "ताई, पाया पडते."

मी फोन ठेवला. तपासणी खरी होती, पण रजा मिळाली असती. नवऱ्याला सांगितलं असतं तर तोही घेऊन गेला असता. मी त्याला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई न्हाणीच्या दारात भिंत चाचपत उभ्या होत्या. "उजवीकडून काहीच दिसंना गं."

गाडी करून नांदेडला पोचलो तेव्हा धाकटी दवाखान्याच्या दारात उभी होती. मी नको म्हटलं होतं तरी आली होती. डॉक्टरांनी कानशिलावरची शीर दाबून पाहिली. दोरीसारखी कडक होती. रक्त तपासायला घेतलं, पण रिपोर्टची वाट न बघता सलाईनमधून स्टेरॉइड लावलं. शिरेचा तुकडा तपासायला नंतर घेऊ म्हणाले.

"हा डोळा आता येणं अवघड आहे," ते म्हणाले. "दुसरा वाचवायचाय. पडदा पहिल्यांदा कधी आला?"

"काल सकाळी," सासूबाई म्हणाल्या.

"मग कालच का नाही आणलं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, "मीच म्हणलं, उद्या जाऊ. थोडंसंच तर होतं."

असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या.

डोकेदुखी दोनच दिवसांत गेली. आठवड्याने त्या पोहे चावून खाऊ लागल्या. डावा डोळा शाबूत राहिला. तपासणीत शिरेची सूज पक्की निघाली. स्टेरॉइडच्या गोळ्या दीडदोन वर्षं, डॉक्टर सांगतील तशाच कमी करत जायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. त्या गोळ्यांनी साखर वाढली, चेहरा सुजला. ते सगळं मीच सांभाळलं.

एकदा गोळ्या देताना मी विचारलं, "आत्याबाई, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

त्यांनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "धाकटीनं दवाखान्याच्या दारातच कानात सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "थोरलीला बोल लावू नका म्हणून. ती बिचारी एकटी करते."

म्हणजे तेसुद्धा तिनंच. मी गोळी त्यांच्या हातावर ठेवली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. पश्चात्ताप होता, नाही कशाला म्हणू. पण त्यात मत्सर तेवढाच होता.