मिठाची बरणी आणि वहिनीचा पदर

माझ्या स्वयंपाकघरात पदर मोकळा सोडून कुणी आलं की मी ओरडते. सुना हसतात, नाती ओढण्या गळ्यात टाकून मुद्दाम गॅसपाशी येतात आणि म्हणतात, "आजी, बघ हं, आता पेटणार!" हसा बापडे. मी तिथल्या तिथे ती ओढणी ओढून काढते आणि खुंटीला टांगते. मला विनोद कळत नाही असं नाही. पण मी वहिनीचा पदर पेटताना पाहिलाय. सगळ्यांच्या आधी, मी एकटीने.

तेव्हा आम्ही कलकत्त्याला भवानीपुरात भाड्याच्या घरात राहायचो. वडील दिल्लीहून बदली होऊन आलेले, सरकारी कचेरीत. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची. दादा जवळच्या बजबज गावी रॉकेल-पेट्रोलच्या डेपोत कामाला होता, रोज लोकलने जायचा. त्याचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. वहिनी नागपूरची, एकोणीस वर्षांची, आणि इतकी हसरी की आई म्हणायची, "अगं, भाजी जळली तरी हसतेस, काय म्हणावं तुला!" दोन महिन्यांत ती खालच्या माशीमांशी बंगालीत गप्पा मारायला लागली. आम्ही दोन वर्षं राहूनही "कोतो" म्हणजे किती आणि "कोथाय" म्हणजे कुठे, यांच्या पुढे गेलो नव्हतो. माशीमा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बाई, त्यांचे यजमान हॉस्पिटलात कंपाउंडर. माझी वेणी वहिनीच घालायची, आणि शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवल्याशिवाय सोडायची नाही.

आईचं सोवळं मात्र कडक. सणाच्या दिवशी स्वयंपाक करायचा तो न्हाऊन, उंच वलणीवर वाळवलेलं लुगडं नेसून, आणि सगळ्या पंगती उठेपर्यंत त्या बाईला कुणी शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा अंघोळ. परक्या गावात आलो म्हणून रीत सोडायची नाही, उलट इथे आपणच पाळली नाही तर कोण पाळणार, असं आईचं म्हणणं. मला लहानपणापासून पक्कं शिकवलेलं: शेगडीपाशी कुणी सोवळ्यात असलं की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

ते गौरीजेवण होतं. भाद्रपदातली कलकत्त्याची हवा, सगळं चिकट, भिंतीला हात लावला तरी ओलं. त्या हवेत मिठाला पाणी सुटतं. म्हणून आईने मिठाची बरणी शेगडीच्या मागच्या फळीवर ठेवली होती, निखाऱ्यांच्या धगीने मीठ कोरडं राहावं म्हणून. मोठी हुशारी वाटली होती तेव्हा तिला. शेगडी म्हणजे मातीने लिंपलेली लोखंडी बादली, आत दगडी कोळसा, खाली राख पडायला तोंड. जमिनीवरच असायची. तिच्यासमोर पाटावर बसून रांधायचं आणि मीठ हवं असलं की अर्धवट उठून, आगीवरून हात लांब करून फळीवरून घ्यायचं. रोजचंच होतं. आईला काही व्हायचं नाही, कारण ती नऊवारी नेसायची, कासोटा घट्ट आणि पदर कमरेला गुंडाळून खोचलेला. आगीला धरायला काही सुटं नसायचंच.

वहिनीला नऊवारी नीट नेसता येत नव्हतं. आई म्हणाली, "पाचवारी नेस, धुतलेलं असलं म्हणजे झालं." वहिनी व्हॉइलचं पातळ नेसली. पातळ म्हणजे खरंच पातळ, उजेडात धरलं तर हात दिसावा. पदर मात्र तिने शहाण्यासारखा खोचला होता. सकाळपासून पुरणपोळ्या तिने तशाच लाटल्या, भाजल्या.

मग पुरुषांची पंगत बसली. दोन ओळखीची मराठी कुटुंबं आली होती. दादा डेपोत कामावर होता. आई वाढायला बाहेर निघाली आणि जाता जाता वहिनीला म्हणाली, "अगं, मंडळी पानावर बसलीत. तो पदर सोड कमरेचा. दोन्ही खांद्यांवरून घे नीट. काय म्हणतील लोक?" वहिनीने पदर सोडला आणि पाठीवरून उजव्या खांद्यावर घेऊन पुढे आणला. बाहेर जाऊन तूप वाढून आली, आणि घाईने पुन्हा पाटावर बसली. आमटीचं दुसरं पातेलं उकळत होतं.

मी गच्चीवरून खेळून आले होते. घामाघूम, पायाला धूळ. बाहेरून आईने सांगितलं, "आमटी झाली का बघून ये गं, आत जाऊ नकोस." मी उंबऱ्याशी उभी राहिले. वहिनीने आमटी चाखली, तोंड वाकडं केलं, मला डोळा मारला आणि म्हणाली, "अळणी! सांगू नको हं सासूबाईंना." आणि ती मिठासाठी उठली.

एक हात भिंतीला टेकून दुसरा हात वर फळीवर. डोळे बरणीकडे. ती वाकली तसा उजव्या खांद्यावरचा पदर घसरला आणि त्याचं टोक खाली शेगडीच्या कडेवर गेलं. मी पाहिलं. आधी कडेला तपकिरी डाग पडला, मग करंगळीएवढी ज्योत. एवढीशी. मी दोन पावलं पुढे होऊन घाम पुसायला घेतलेल्या हातातल्या फडक्याने दाबली असती तरी विझली असती. दोन पावलं! आणि मी उंबऱ्यावर थांबले. कारण मी पारोशी होते, आणि ती सोवळ्यात होती.

किती वेळ थांबले? देव जाणे. एक श्वास, दोन श्वास. आग वर चढते. सैल लोंबणाऱ्या कापडाला तर दोन्ही बाजूंनी वारा लागतो, ते भराभर जळतं. "वहिनी, पदर!" असं मी ओरडले तोवर ज्वाळा तिच्या दंडापर्यंत आली होती.

तिने खाली पाहिलं, किंचाळली आणि पळाली. पेटलेलं माणूस पळतंच, तो काही तिचा दोष नाही. ती व्हरांड्याकडे पळाली, वाऱ्याकडे, आणि पळताना आग एकदम भडकली. आई हाताने विझवायला धावली, तिचे तळवे भाजले. पंगतीतले पुरुष उठून नुसते "पाणी, पाणी" करत राहिले. जिना चढून आल्या त्या माशीमा. पायात चपला, उष्टे हात. सोवळं त्यांच्या गावीही नव्हतं. "शुये पोडो! शुये पोडो!" म्हणजे आडवी हो, आडवी हो, असं ओरडत त्यांनी वहिनीला धरून जमिनीवर पाडलं, दाराशी पडलेलं वडिलांचं जाड कांबळं तिच्यावर टाकलं आणि तिला लोळवलं. आग विझली. मग त्या तिच्यावर तांब्या-तांब्याने गार पाणी ओतत राहिल्या. पाहुण्यांतल्या एक बाई भाजल्यावर लावायला शाईची दौत घेऊन आल्या, दुसऱ्या तूप लावा म्हणाल्या. माशीमांनी दोघींना ढकललं. कातडीला चिकटलेलं कापड ओढायला कुणाला हात लावू दिला नाही. टॅक्सी येईपर्यंत पाणी ओतणं चालू होतं.

वहिनी नऊ दिवस जगली. मला एकदाच नेलं तिच्याकडे. तोंड तेवढं बरं होतं तिचं, बाकी सगळं चादरीखाली, पिंजऱ्यासारख्या सळ्यांवर टाकलेल्या. आगीत कुणी ढकललं का, सासू छळायची का, असं पोलीस विचारून गेले होते. "मीठ घेत होते, माझाच पदर," एवढंच ती त्यांना बोलली. मला पाहून म्हणाली, "वेणी कोण घालतं गं तुझी?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "दिसतंय." आणि हसायला गेली. मला सांगायचं होतं तिला, की मी पाहिलं होतं, आधीच पाहिलं होतं. मी तिच्या पलंगापासून हातभर लांब उभी राहून रडत राहिले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती गेली.

दादा कुणाशी बोलेना. एकदाच बोलला, जेवता जेवता, ताटाकडे बघत. "आमच्या डेपोत गेटवर काड्यापेटी काढून घेतात. सदऱ्याची बाही सैल असली तर आत सोडत नाहीत. आणि घरी माझ्या बायकोला आपण..." तो ताट तसंच टाकून उठून गेला.

पण घर बदललं. आईनेच बदललं, एका शब्दाचीही चर्चा न करता. मागची फळी तिने स्वतः कोयत्याने उखडली आणि मिठाची बरणी दाराजवळ आली. पाणी सुटलं तर सुटलं, म्हणाली. विटांचा ओटा बांधून शेगडी वर घेतली. दारामागे कांबळं आणि पाण्याची बादली कायमची. रांधताना सुती आणि जाड तेच नेसायचं, पदर खोचायचा आणि वर टाचणी लावायची, मग पंगतीला लाटसाहेब का बसेना. सोवळं तर त्या दिवसापासून संपलंच. पुढे नायलॉनची पातळं आली. दुकानदार म्हणाला, "यह जल्दी आग नहीं पकड़ता, माँजी." आईने त्याला असं झाडलं! "पकडत नसेल, पण वितळून अंगाला चिकटतं ते कोण सोडवणार, तुझा बाप?" हे सगळं मराठीत. तो बिचारा बघतच राहिला.

मी मात्र गप्प. सहा वर्षं गप्प. माशीमांनी "तुई कोथाय छिली?" म्हणजे तू कुठे होतीस, असं विचारलं तेव्हा "गच्चीवर" म्हणून मोकळी झाले. खोटं बोलले मी. वाटायचं, आईला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा आई मला स्वयंपाक शिकवायला बसली. एका दुपारी तिने माझा पदर ओढून कमरेत खोचला, टाचणी लावली, आणि तिच्या हाताचे ते सुरकुतलेले, भाजून आकसलेले तळवे माझ्या कमरेला लागले. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. डाग, ज्योत, फडकं, उंबरा. "मी आत आले असते तर ती वाचली असती, आई. मी शिवायला घाबरले."

आईने परातीतलं पीठ मळायला घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे. मी वाढता वाढता पाहिलं तुला. तुझी पाठ दिसत होती. जायला निघालीस आणि उंबऱ्यावर थबकलीस."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं गं. तू थांबलीस एवढंच दिसलं. आणि मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीला वळण आहे."